विद्यार्थी सवलत: कॉलेजचा ईमेल आहे, ओळखपत्र आहे, तरी पडताळणी दोनदा नाकारली

केतकी_व (सोमवार, रात्री 10.40)

नकाशे आणि आराखडे काढायच्या एका सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्यायचं आहे. प्रबंधाचं सगळं काम त्यातच चाललंय आणि मोफत मुदत शनिवारी संपते. विद्यार्थ्यांना निम्म्याहून कमी पैशात मिळतं, पण माझी पडताळणीच होत नाहीये.

काय झालं ते क्रमाने सांगते. फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, कॉलेज आणि कॉलेजचा ईमेल विचारला. कॉलेजचं नाव यादीत होतं, ते निवडलं. ईमेल टाकल्यावर मात्र लगेच उत्तर आलं की या ईमेलवरून विद्यार्थी असल्याची खात्री होत नाही, कागदपत्र अपलोड करा. ओळखपत्राचा फोटो दिला. दुसऱ्या दिवशी नकार आला, कारण मुदत दिसत नाही. मग फीची पावती दिली. तीही नाकारली, कारण नाव जुळत नाही. आता 'एक प्रयत्न शिल्लक' असं दिसतंय, त्यामुळे काहीही अपलोड करायचा धीर होत नाही.

सगळ्यात न समजणारी गोष्ट म्हणजे माझ्याच विभागातल्या, एक वर्ष पुढे असलेल्या मैत्रिणीचं हेच काम गेल्या आठवड्यात मिनिटभरात झालं. तिला कागदपत्र विचारलंसुद्धा नाही. कॉलेज एक, विभाग एक, सॉफ्टवेअरही तेच. मग माझ्याच बाबतीत काय बिघडलं?

पाऊलवाट (सोमवार, रात्री 11.05)

तुमचा ईमेल `.edu` मध्ये संपतो का? या कंपन्या फक्त `.edu` धरतात, बाकीच्यांना कागदपत्रं मागतात. माझ्या भावाचं असंच झालं होतं. `.edu` पत्ते विकत मिळतात असंही ऐकलंय.

टपालखिडकी (मंगळवार, सकाळी 7.20)

पाऊलवाट, `.edu` चा ईमेल बऱ्याच ठिकाणी पटकन चालतो हे खरं, पण 'फक्त' तोच चालतो हे खरं नाही. `.edu` हे नाव 2001 पासून एज्युकॉज ही संस्था सांभाळते आणि ते अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्च शिक्षण संस्थांनाच मिळतं. काही जुन्या नोंदी तेवढ्या अपवाद आहेत. म्हणजे जगातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे `.edu` नसतोच, तरी त्यांची पडताळणी होते. केतकीच्या मैत्रिणीचीही झालीच की.

आणि विकत मिळणारे `.edu` पत्ते हे कुणाचे तरी चोरलेले नाहीतर खोटा प्रवेश दाखवून काढलेले असतात. ते बंद झाले की सवलत जाते, खात्यावर ठपका बसतो तो वेगळाच. कृपया कुणाला तो मार्ग सुचवू नका.

केतकी, मी एका कॉलेजच्या संगणक विभागात 14 वर्षं मेलचं काम पाहिलंय. तुझ्या आणि मैत्रिणीच्या ईमेलमध्ये `@` च्या पुढे नेमकं काय आहे ते अक्षर न् अक्षर लिही. कॉलेजचं खरं नाव काढून तिथे `college` घाल. टिंबं आणि रेघा मात्र जशाच्या तशा ठेव.

केतकी_व (मंगळवार, सकाळी 8.15)

तिचा: `@students.college.example`
माझा: `@students-college.example`

शेवटही खऱ्यातला वेगळा आहे, तोही मी बदललाय. बाकी सगळं हेच. आमच्या तुकडीपासून सगळ्यांना असेच पत्ते मिळाले. एका रेघेने इतका फरक पडतो?

टपालखिडकी (मंगळवार, सकाळी 9.02)

पडतो, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या रेघेतच आहे.

डोमेनचं नाव संगणक उजवीकडून डावीकडे वाचतो. प्रत्येक टिंब म्हणजे एक पायरी. `students.college.example` मध्ये आधी `example`, मग त्याच्या आत `college`, मग त्याच्या आत `students`. म्हणजे `college.example` ज्याच्या मालकीचं आहे, त्याच्याच घरातली ही आतली खोली. पडताळणी करणाऱ्याच्या यादीत नुसतं `college.example` असलं, तरी आतल्या खोल्या आपोआप मान्य होतात.

रेघ म्हणजे पायरी नाही. ती नावातलंच एक अक्षर आहे. `students-college.example` हे सबंध नवं, स्वतंत्र नाव झालं. ते कुणीही पैसे भरून नोंदवू शकतं. तुमच्या कॉलेजनेच नोंदवलंय हे यादीला कळायला काही मार्ग नाही. म्हणून मैत्रीण आत आणि तू बाहेर.

अशी यादी कशी असते ते उघड्यावर पाहायचं असेल तर जेटब्रेन्स या कंपनीने गिटहबवर `JetBrains/swot` नावाने ठेवलेली बघ. त्यांची शैक्षणिक सवलत ज्या डोमेनना मिळते त्यांची ती यादी आहे. प्रत्येक संस्थेसाठी एक छोटी फाईल, फाईलमध्ये संस्थेचं नाव, आणि फाईलची जागा म्हणजे उलटं लिहिलेलं डोमेन. तुझ्या उदाहरणात ते असं दिसेल:

```
lib/domains/example/college.txt
lib/domains/example/students-college.txt
```

पहिली फाईल असली की `students.college.example` चालतो. तुझ्या पत्त्याला दुसरी फाईल वेगळी लागते, आणि नवं डोमेन काढलं तेव्हा ती कुणी घालून घेतलेली नसते. तुझ्या सॉफ्टवेअरवाल्यांची यादी ही नव्हे. बहुतेक कंपन्या पडताळणीचं काम शीअरआयडी किंवा युनिडेज यांच्यासारख्या बाहेरच्या सेवांकडे देतात आणि त्यांच्या याद्या बंद असतात. तुला मिळालेलं उत्तर मात्र याच तऱ्हेचं आहे.

कॉलेजं असं का करतात तेही सांगतो, कारण मी स्वतः हे केलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं. विद्यार्थ्यांची मेल प्राध्यापकांच्या मेलपासून वेगळ्या खात्यात ठेवायची होती. नवं डोमेन घेतलं की ते काम एका दुपारी संपत होतं, म्हणून घेतलं. विद्यार्थ्यांची सवलत अडेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पुढे दोन वर्षं मुलं माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येत होती.

सुलभा_का (मंगळवार, सकाळी 11.30)

नमस्कार. मी 71 वर्षांची आहे. एका वाचनाच्या ॲपवर ज्येष्ठांची सवलत आहे, तिथे माझंही असंच होतंय. फॉर्म भरला तेव्हा काही चूक दाखवली नाही. मग ओळखपत्र मागितलं, ते दिलं, तर म्हणे माहिती जुळत नाही. ओळखपत्र खरं आहे, फोटो स्वच्छ आहे, नावही तेच. माझा ईमेल साधा आहे, कॉलेजचा नाही. मला पण डोमेनचीच अडचण असेल का?

टपालखिडकी (मंगळवार, दुपारी 12.10)

सुलभाताई, तुमच्या बाबतीत डोमेनचा संबंध नाही. ज्येष्ठांच्या सवलतीत ईमेल कुठलाही चालतो, कारण तिथे बघतात ती जन्मतारीख. फॉर्ममध्ये तारखेच्या चौकटीवर `MM/DD/YYYY` असं लिहिलं होतं का? आणि तुमच्या जन्माचा दिवस 12 च्या आतला आहे का? तारीख इथे सांगू नका, फक्त हो की नाही तेवढं सांगा.

सुलभा_का (मंगळवार, दुपारी 12.45)

दोन्हीला हो. मी नेहमीसारखा आधी दिवस लिहिला, मग महिना.

टपालखिडकी (मंगळवार, दुपारी 1.00)

मग तेच कारण दिसतंय. त्या चौकटीला आधी महिना हवा होता. समजा कुणाचा जन्म 7 नोव्हेंबरचा आहे आणि त्यांनी 07/11 लिहिलं, तर फॉर्मने 11 जुलै वाचलं. दोन्ही तारखा खऱ्या असू शकतात आणि दोन्ही धरून वय सवलतीत बसतं, म्हणून फॉर्म गप्प राहिला. ओळखपत्रावर वेगळी तारीख दिसल्यावर मात्र अडलं. दिवस 12 च्या पुढचा असता तर चूक तिथल्या तिथे दाखवली असती. त्याच अर्जात तारीख बदलता येत नसेल तर नवा अर्ज सुरू करा आणि आधी महिना घाला. ओळखपत्र तेच चालेल.

वहीखाते (मंगळवार, दुपारी 2.20)

मी कॉलेजच्या कार्यालयात काम करते, विद्यार्थ्यांचे दाखले माझ्याच टेबलावरून जातात. केतकी, डोमेनचं कळलं ते बरं झालं, पण शनिवारपर्यंत तुला कागदपत्रच उपयोगी पडेल. म्हणून त्याबद्दल सांगते.

तुझं कागदपत्र बघणाऱ्याला एकाच कागदावर तीन गोष्टी दिसायला हव्या असतात: तुझं पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि आत्ता शिकतेस हे सांगणारी तारीख. कागद खरा आहे, पण यातली एक गोष्ट दुसऱ्याच कागदावर आहे, असं असेल तर ते जोडून बघत बसत नाहीत. तुझ्या ओळखपत्राची मुदत मागच्या बाजूला छापलेली आहे का? आमच्याकडे तसंच आहे, आणि मुलं पुढच्याच बाजूचा फोटो देतात.

पावतीवर नाव कसं छापलंय तेही बघ. आमच्या फीच्या प्रणालीत नावाला ठरावीक अक्षरांचीच जागा आहे. लांब नाव असेल तर आडनाव येतं आणि पहिल्या नावाचं एकच अक्षर उरतं.

केतकी_व (मंगळवार, दुपारी 3.05)

दोन्ही बरोबर! मुदत मागे आहे. पावतीवर आडनाव आणि पुढे फक्त 'के' आहे. फॉर्ममध्ये मी पहिलं नाव आणि आडनाव पूर्ण लिहिलं होतं. मला वाटलं होतं की पावतीवर फी भरल्याची तारीख आहे म्हणजे झालं.

मग आता ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एका फोटोत घेऊन देऊ का?

वहीखाते (मंगळवार, दुपारी 3.40)

देता येईल, पण शेवटचा प्रयत्न त्यावर घालवू नये असं मला वाटतं. मागची बाजू सुटी बघितली तर ती तुझ्याच कार्डाची आहे हे कळत नाही, तिच्यावर नाव नसतं. कुणी मान्य करेल, कुणी करणार नाही.

त्यापेक्षा बोनाफाईड काढ. कॉलेजच्या लेटरहेडवर, इंग्रजीत. नाव फॉर्ममध्ये टाकलंस अगदी तसंच, त्याच क्रमाने. मधलं नाव आलं तरी हरकत नाही, पण पहिलं नाव आणि आडनाव पूर्ण हवं. कॉलेजचं नाव तू यादीतून निवडलंस तसंच. वरच्या संस्थेचं किंवा विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि कॉलेजचं बारीक असं लेटरहेड असेल, तर मजकुरातही कॉलेजचं नाव लिहून घे. 'is currently enrolled' हे शब्द, शैक्षणिक वर्ष, दाखला दिल्याची तारीख, सही आणि शिक्का. काय कामासाठी हवाय असं विचारलं तर स्पष्ट सांग. आम्हाला असे अर्ज नवीन नाहीत.

दाखला स्कॅन करून पूर्ण पान दे, चारही कडा दिसू देत. अर्धं पान कापलेलं असलं की कापलेल्या भागात काय होतं असा संशय येतो. विद्यार्थी क्रमांक झाकायचा असेल तर झाक, मजकुराला मात्र हात लावू नकोस. तारीख पुसट आली म्हणून एका मुलाने ती संगणकावर ठळक केली. दाखला खरा होता, पण फेरफार केलेला म्हणून नाकारला गेला, आणि पुन्हा प्रयत्नही करू दिला नाही.

रोहन_प (मंगळवार, संध्याकाळी 6.15)

माझी अडचण जरा वेगळी आहे. माझं डोमेन मान्य झालं, 'तुमच्या कॉलेजच्या ईमेलवर दुवा पाठवलाय' असंही आलं. मेल येते, दुव्यावर लगेच टिचकी मारतो, आणि 'हा दुवा आधीच वापरला आहे' असं दिसतं. चार वेळा नवा दुवा मागवला, चारही वेळा तेच. मी तर एकदाच टिचकी मारतोय.

पाऊलवाट (मंगळवार, संध्याकाळी 6.30)

ब्राउझरची साठवण आणि कुकीज साफ करून बघा. नाहीतर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा.

टपालखिडकी (मंगळवार, संध्याकाळी 7.10)

व्हीपीएनचा सल्ला योग्य आहे, काही सेवा तुम्ही कॉलेजच्या आसपास आहात का हेही बघतात. पण रोहनच्या 'आधीच वापरला' ला ब्राउझर कारण नसावा.

रोहन, तुझ्या आधी तो दुवा खरोखरच कुणीतरी उघडला आहे, फक्त तो माणूस नाही. बऱ्याच कॉलेजांच्या मेल सर्व्हरवर सुरक्षा तपासणी असते. आलेल्या मेलमधला प्रत्येक दुवा ती आधी स्वतः उघडते आणि मागे काही घातक आहे का ते पाहते. साध्या दुव्याला त्याने काही होत नाही. एकदाच चालणारा दुवा मात्र तिथेच खर्ची पडतो.

हे ओळखायची खूण अशी. मेल आल्यावर दुव्याला हात न लावता दहा मिनिटं थांब आणि सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन बघ. तपासणीने दुवा उघडला तेवढ्यानेच काही ठिकाणी पडताळणी पूर्ण होते आणि सवलत लागलेली दिसते. लागली नसेल तर पानावर दुव्याऐवजी आकडी कोड मागायची सोय आहे का ते पाहा. कोड उघडून खर्च होत नाही. दोन्ही नसेल तर कॉलेजच्या मेलवाल्यांना पाठवणाऱ्याचा पत्ता देऊन सांग की या पत्त्यावरून येणारे दुवे तपासणीतून वगळा. आणि पाचव्यांदा दुवा मागवू नकोस, वारंवार मागितल्यावर काही सेवा तो ईमेलच काही काळ अडवतात.

नीलपक्षी (मंगळवार, रात्री 9.25)

मी दोन वर्षांपूर्वी पदवी पूर्ण केली, पण कॉलेजचा ईमेल अजून चालू आहे. डोमेनही यादीत आहे. मग मला सवलत घ्यायला काय हरकत? मेल तर पोचते.

टपालखिडकी (मंगळवार, रात्री 10.00)

मेल पोचते म्हणजे पेटी चालू आहे एवढंच सिद्ध होतं. नीलपक्षी, अटींमध्ये 'सध्या शिकत असलेला' असं लिहिलेलं असतं आणि तू आता त्यात बसत नाहीस, म्हणून घेऊ नकोस. याचा फटका शिकणाऱ्या मुलांना बसतो. ज्या डोमेनवर माजी विद्यार्थी किंवा भलतेच लोक सवलती घेताना दिसतात, ते डोमेन यादीतून काढून टाकतात. मी वर सांगितलेल्या `swot` मध्ये नाकारलेल्या डोमेनसाठी `stoplist.txt` अशी वेगळी फाईलच आहे.

काही ठिकाणी ईमेलऐवजी कॉलेजच्या पोर्टलवर लॉगिन करायला लावतात, ते याचसाठी. तिथे कॉलेजचा सर्व्हर स्वतःच कळवतो की हा माणूस `student` आहे की `alum`.

केतकी_व (बुधवार, सकाळी 9.50)

त्यातही एक प्रश्न आहे. दाखला मान्य झाला तर यंदा सुटेन, पण पुढच्या वर्षी पुन्हा पडताळणी असेलच ना? माझ्या पेटीला मैत्रिणीसारखा टिंबाचा पत्ता मिळू शकतो का?

टपालखिडकी (बुधवार, सकाळी 10.30)

मिळू शकतो, पण ते तुमच्या मेलवाल्यांवर आहे. दोन्ही डोमेन एकाच मेल खात्यात असतील तर तुझ्या पेटीला `students.college.example` चा जोडपत्ता देणं हे दोन मिनिटांचं काम. दोन्ही पत्त्यांवरची मेल एकाच पेटीत येईल. पण जुन्या मुलांचं डोमेन एका खात्यात आणि तुमचं दुसऱ्यात असेल, तर तेच डोमेन दोन खात्यांत ठेवता येत नाही. मग जुन्या खात्यातून तुझ्याकडे मेल पुढे पाठवायची सोय करावी लागते. ती एका मुलीसाठी सहज होते, सबंध तुकडीसाठी कुणी करेल असं वाटत नाही.

खरा उपाय म्हणजे कॉलेजने पडताळणी सेवेला कळवून नवं डोमेन यादीत घालून घेणं. ती मागणी कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरून जावी, आणि नवं डोमेन विद्यार्थ्यांना दिलंय असं कॉलेजच्या संकेतस्थळावर कुठेतरी लिहिलेलं असावं. तेवढं एक पान नसल्यामुळे आमची मागणी परत आली होती.

रोहन_प (गुरुवार, दुपारी 1.15)

दहा मिनिटं थांबून बघितलं. सवलत लागली नाही आणि कोडचा पर्यायही नाही. मेलवाल्यांना लिहिलंय, अजून उत्तर नाही. तपासणीतून कुणालाही वगळत नाही असं ते म्हणाले तर पुढे काय?

टपालखिडकी (गुरुवार, दुपारी 2.00)

तसं म्हणाले तर कागदपत्राच्या मार्गाने जा. फॉर्ममध्ये 'मला या ईमेलवर मेल मिळत नाही' असा पर्याय असतो का पाहा, तो बहुतेक तिकडेच नेतो. तो नसेल तर सेवेच्या मदत विभागाला लिही. पडताळणीच्या पानाच्या पत्त्यात `verificationId=` आणि पुढे लांब ओळ दिसत असेल तर ती ओळ त्यांना दे, म्हणजे तुझाच अर्ज सापडतो. इथे टाकू नकोस.

सुलभा_का (गुरुवार, संध्याकाळी 5.30)

नव्या अर्जात आधी महिना टाकला. ओळखपत्र मागितलंच नाही, सवलत लगेच लागली. टपालखिडकी, मनापासून आभार.

केतकी_व (शुक्रवार, रात्री 8.45)

झालं! बुधवारी दुपारी अर्ज दिला, गुरुवारी बोनाफाईड मिळालं. कार्यालयाने नाव आधी आडनाव पहिलं असं लिहिलं होतं. वहीखाते, तुम्ही सांगितलेलं आठवून ते तिथेच बदलून घेतलं. पूर्ण पान स्कॅन करून काल रात्री अपलोड केलं आणि आज दुपारी मंजूर झालं.

मेलवाल्यांकडेही जाऊन आले. दोन्ही डोमेन वेगवेगळ्या खात्यांत आहेत, त्यामुळे जोडपत्ता मिळणार नाही. नवं डोमेन यादीत घालायला पत्र लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. संकेतस्थळावर पान कुणी करायचं यावर त्यांचं आणि कार्यालयाचं अजून ठरलेलं नाही. माझ्या तुकडीतल्या 11 जणांची नावं आणि त्यांना कुठे कुठे नकार आला ते लिहून सोमवारी प्राचार्यांना देणार आहे. टपालखिडकी, तुमची मागणी परत आली तेव्हा त्या पानावर नेमकं काय लिहा म्हणून सांगितलं होतं ते आठवत असेल तर कळवाल का?